सावळ्या चेहऱ्याला सनस्क्रीन कशाला?

*डॉक्टर, मी 36 वर्षांची, विक्रोळी पार्कसाइटला राहते. पालिकेच्या आरोग्य केंद्राचं घरोघरी फिरायचं काम करते, सकाळी नऊ ते दुपारी एक, सगळी चढउताराची वस्ती. माझा रंग सावळा. धाकट्याच्या वेळेला गालांवर वांग आले, आता कपाळावरही पसरतायत. सोबतच्या बाईंनी सांगितलं म्हणून एसपीएफ 50 चं सनस्क्रीन घेतलं. चेहरा राख फासल्यासारखा दिसायला लागला आणि वांग होते तसेच. सासूबाई म्हणतात, "आपल्या रंगाला ऊन लागत नाही, हे गोऱ्या लोकांचे चोचले." मोबाइलवरही वाचलं की मेलॅनिन असलं की सनस्क्रीन लागत नाही. मधे मेडिकलवाल्याने एक क्रीम दिलं होतं, त्याने छान उजळलं, पण बंद केलं की पुन्हा येरे माझ्या मागल्या. आता सनस्क्रीनवर खर्च करू की नको? – एक वाचक, विक्रोळी*

ताई, नमस्कार.

सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे, आणि ते निम्मं आधी मान्य करून टाकू म्हणजे घरात वाद कमी होतील. सावळी त्वचा उन्हाने गोऱ्या त्वचेसारखी पोळत नाही. रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या कातडीत साधारण सारख्याच असतात. फरक पडतो तो त्या पेशी मेलॅनिन किती आणि कसं बनवतात यात. आपल्याकडे मेलॅनिनचे कण मोठे, जास्त आणि कातडीच्या वरच्या थरापर्यंत टिकणारे असतात. पेशीच्या आत हे कण केंद्रकाच्या वरच्या बाजूला गोळा होतात आणि आतल्या डीएनएवर छत्रीसारखे पसरतात. ही सोय खरी आहे, फुकट आहे आणि चोवीस तास चालू असते.

पण छत्री किती मोठी? 1979 साली अमेरिकेत काही संशोधकांनी काळ्या आणि गोऱ्या माणसांच्या बाह्यत्वचेतून अतिनील किरण किती आरपार जातात ते मोजलं. अतिनील किरणांत दोन प्रकार आपल्या कामाचे. कातडी लाल करून पोळवणारे ते यूव्हीबी आणि खोलवर शिरणारे ते यूव्हीए. काळ्या त्वचेतून यूव्हीबी साधारण 7 टक्के पार झाले, गोऱ्या त्वचेतून 24 टक्के. यूव्हीए मात्र काळ्या त्वचेतूनही 17 टक्क्यांच्या वर गेले. एसपीएफच्या भाषेत काळ्या त्वचेचं स्वतःचं संरक्षण 13 च्या आसपास भरलं. आणि ही मोजणी आफ्रिकी वंशाच्या काळ्या त्वचेची होती. आपले बहुतेक मराठी सावळे आणि गव्हाळ रंग तिच्या आणि गोऱ्या त्वचेच्या मधे कुठेतरी बसतात. दुकानात एसपीएफ 10 ची ट्यूब ठेवली तर तुम्ही ती उचलणारही नाही, आणि अंगच्या रंगाला मात्र आपण पूर्ण कवच म्हणतो.

जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत यूव्हीए सुमारे 95 टक्के असतात. म्हणजे मेलॅनिन ज्याला चांगलं अडवतं तो हिस्सा लहान, आणि ज्याला कमी अडवतं तो मोठा. त्यातून यूव्हीएने कातडी चटकन लाल होत नाही, आग होत नाही. गोरा पर्यटक जुहूच्या वाळूत तासाभरात लालबुंद होतो आणि गुमान सावलीत जातो. आपल्याला तो इशाराच मिळत नाही. "मला ऊन लागत नाही" असं जे आपण म्हणतो, त्याचा अर्थ एवढाच की मला दुखत नाही.

आता तुमच्या वांगाकडे येते, कारण तुमच्यासाठी खरा मुद्दा तिथे आहे. पोळण्यापासून वाचवणाऱ्या याच रंगपेशी चिडल्या की जास्त रंग ओततात. सावळ्या त्वचेत त्या जात्याच तत्पर असतात. पिंपल फुटला, डास चावला, मेणाने वॅक्सिंग करताना चटका बसला, तर गोऱ्या माणसाला काही दिवस लाल डाग राहतो आणि आपल्याला काही महिने काळा. गरोदरपणातल्या संप्रेरकांनी या पेशी जाग्या केल्या की वांग दिसायला लागतात, आणि बाळंतपणानंतर त्यांना जागं ठेवण्याचं काम ऊन करतं. त्यामुळे आपल्या बाबतीत मेलॅनिन ही ढाल आहे आणि तक्रारही तीच.

आणि इथे एक गोष्ट आहे जी ट्यूबवर लिहिलेली नसते. रंगपेशींना चिडवायला अतिनील किरणच लागतात असं नाही. साधा, डोळ्यांना दिसणारा उजेडही पुरतो. 2010 मध्ये डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या रंगांच्या लोकांच्या त्वचेवर फक्त दृश्य प्रकाश टाकून पाहिला. गोऱ्या लोकांच्या कातडीत रंग उमटला नाही. सावळ्या आणि काळ्या लोकांच्या कातडीत उमटला, तो यूव्हीएने उमटणाऱ्या रंगापेक्षा गडद होता आणि दोन आठवडे टिकला. पुढे 2018 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी त्यामागची यंत्रणा दाखवली. रंगपेशींत ऑप्सिन-3 नावाचं एक प्रथिन असतं, डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनांच्याच कुळातलं. ते जांभळट-निळा उजेड टिपतं आणि पेशीला रंग बनवायचा निरोप देतं. म्हणजे मेलॅनिन असल्यामुळे आपण या बाबतीत जास्त सुरक्षित नाही, उलट जास्त हळवे आहोत.

आता तुमची एसपीएफ 50 ची ट्यूब का हरली ते बघू. एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा, म्हणजे कातडी लाल व्हायला किती वेळ लागतो याचा. तुम्ही लाल होतच नाही, तेव्हा तो आकडा तुमची तक्रार मोजतच नाही. यूव्हीएसाठी ट्यूबवर पीए आणि त्यापुढे अधिकची चिन्हं असतात. ती तीन किंवा चार असावीत, आणि 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हे शब्द असावेत. पण दृश्य उजेडाचं काय? लावल्यावर पारदर्शक होणारं सनस्क्रीन दिसणारा उजेड अडवणार कसं? आरपार दिसतं याचाच अर्थ उजेड आरपार जातो. तुमचं सनस्क्रीन पांढरट होतं, म्हणजे त्यात बहुधा झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असणार. ती मुळात पांढरी भुकटीच, सावळ्या चेहऱ्यावर राखाडी-जांभळट दिसणारच. पांढरेपणामुळे ती थोडाफार उजेडही परतवते. पण त्या रंगाने आरशात बघवत नाही म्हणून आपण वाटाणाभर घेतो आणि दिसेनासं होईपर्यंत चोळतो. मग उरतं काय?

तुम्हाला हवं आहे ते टिंटेड, म्हणजे कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन. तो रंग आयर्न ऑक्साइडचा असतो, पिवळा, तांबडा आणि काळा मिसळून केलेला, आणि दृश्य उजेडातला नेमका तो निळा-जांभळा भाग आयर्न ऑक्साइड चांगला अडवतं. वांग असलेल्यांवर झालेल्या तुलनांमध्ये असं सनस्क्रीन साध्या सनस्क्रीनपेक्षा सरस ठरलेलं आहे. ट्यूबच्या मागच्या बारीक अक्षरांत आयर्न ऑक्साइड हे नाव शोधा. काही कंपन्या नाव न लिहिता सीआय 77491, 77492, 77499 हे आकडे देतात, अर्थ तोच. नुसतं पुढे 'टिंटेड' लिहिलंय म्हणून घेऊ नका, मागे वाचा.

छटा निवडताना आपल्याकडे पंचाईत होते, कारण बऱ्याच कंपन्यांची 'सगळ्यांना चालणारी' छटा आपल्यापेक्षा दोन घरं उजळ असते. मनगटावर लावून बघू नका, मनगट आणि चेहरा यांचा रंग एक नसतो. जबड्याच्या कडेला बोटभर लावा, दुकानाच्या पांढऱ्या दिव्याखालून बाहेर या, पाचेक मिनिटं थांबा आणि मग आरशात बघा. कड दिसली नाही तर ती छटा तुमची. मनासारखी छटा मिळालीच नाही तर दुसरा रस्ता आहे. साधं, पारदर्शक, चिकट न होणारं ब्रॉड स्पेक्ट्रम सनस्क्रीन भरपूर लावा आणि त्यावर तुमच्या रंगाचं फाउंडेशन किंवा कॉम्पॅक्ट फिरवा. त्यांचा रंगही आयर्न ऑक्साइडचाच असतो. टिंटेडइतकं काम होणार नाही, पण नुसत्या पारदर्शकापेक्षा बरं. फक्त उलट करू नका, म्हणजे कॉम्पॅक्टवर एसपीएफ लिहिलंय म्हणून खालचं सनस्क्रीन गाळू नका. ती भुकटी इतकी पातळ बसते की त्या आकड्याला अर्थ राहत नाही.

किती लावायचं, यात सगळे चुकतात. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही बोटांच्या मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ ओढा. एवढं चेहरा आणि गळ्याला मिळून लागतं. वजनात ते साधारण एक ग्रॅम. एकदम लावलं तर ओघळल्यासारखं वाटतं, म्हणून एक रेघ लावा, मिनिटभर थांबा, मग दुसरी. पाव भाग लावलंत तर 50 चे बारासुद्धा हाती लागतील याची खात्री नाही. तुम्ही किती लावता हे तपासायची सोपी युक्ती म्हणजे ट्यूब उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहिणं. दिवसातून दोनदा नीट लावलं तर 50 ग्रॅमची ट्यूब साधारण साडेतीन आठवड्यांत संपते. चार महिने पुरली, तर पैसे वाचले नाहीत, वायाच गेले. तेव्हा खर्च करायचा असेल तर महागड्या छोट्या ट्यूबपेक्षा परवडणारी, मोठी आणि टिंटेड घ्या.

तुमच्या कामाच्या वेळेत हे कसं बसवायचं ते सांगते. घरातून निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, म्हणजे साडेआठच्या चहाबरोबर, पहिल्या दोन रेघा. केंद्रावर पोचून वही घेतली, वस्तीत चढलात, आणि अकराच्या सुमारास कुठेतरी सावलीत बसता ना, तिथे दुसऱ्यांदा. मुंबईत घाम पुसायला आपण रुमाल तोंडावर फिरवतो आणि सकाळचं सगळं त्या रुमालात जातं. म्हणून आधी रुमालाने टिपा, घासू नका, कातडी कोरडी झाली की मग लावा. ट्यूबवर 'वॉटर रेझिस्टंट' असेल तर उत्तम, पण तेही घामात 40 किंवा 80 मिनिटंच टिकेल असं धरून तपासलेलं असतं, दिवसभर नव्हे.

अकराचा हात चुकवू नका याला कारण आहे. घड्याळात बारा वाजले म्हणजे ऊन सगळ्यात तीव्र, असं आपण धरतो. मुंबई भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेच्या बरीच पश्चिमेला आहे, म्हणून इथे सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या आसपास. तुमची एक वाजताची उतरण म्हणजे दिवसातलं जवळपास सगळ्यात कडक ऊन, आणि नेमकं तेव्हा सकाळी लावलेलं उडून गेलेलं असतं.

थंडीत सूट नाही का, असं सगळ्या विचारतात. त्यासाठी आकडे नकोत, पायाशी बघा. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर अतिनील किरण जोरदार आहेत. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि भर दुपारी सावली पायाखाली गडप होते. पण डिसेंबरच्या शेवटीही भर दुपारी मुंबईकराची सावली त्याच्या उंचीपेक्षा किंचित आखूडच पडते. हवा गार लागते, किरण गार नसतात. आणि जुलैतला तो दिवस ऐन पावसाळ्यातला आहे हे लक्षात घ्या. काळेकुट्ट ढग दाटले असतील तर बरंचसं अडतं, पण पांढऱ्या, विरळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा भाग खाली येतोच. खिडकीच्या साध्या काचेचंही तसंच, यूव्हीबी थांबतं, यूव्हीए आणि उजेड आत येतो. रिक्षात नेहमी उजव्या बाजूला बसणाऱ्या एका बाईंचा उजवा गाल डाव्यापेक्षा स्पष्ट गडद झालेला मी पाहिला आहे, आणि त्या शपथेवर सांगत होत्या की मी उन्हात जातच नाही.

ट्यूबइतकंच काम छत्री आणि ओढणी करतात, शिवाय त्या घामात ओघळत नाहीत. तुमच्या हातात वही, पिशवी, औषधांचा डबा असतो, तेव्हा छत्री जमणार नाही हे कळतं. मग रुंद कडेची टोपी किंवा घट्ट विणीची सुती ओढणी कपाळावरून पुढे ओढून घ्या. ओढणी उजेडासमोर धरून बघा. तिच्यातून पलीकडची खिडकी दिसत असेल तर ती शोभेची. शिफॉनला माझा एरवी काही विरोध नाही.

दोन शंका तुम्ही विचारल्या नाहीत, पण कोणीतरी नक्की काढेल. पहिली कर्करोगाची. सनस्क्रीन लावा नाहीतर कॅन्सर होईल, अशी भीती घालणं मला पटत नाही. उन्हाने होणारा त्वचेचा कर्करोग आपल्या रंगाच्या लोकांत बराच कमी आहे, तिथे मेलॅनिनचं श्रेय मेलॅनिनला द्यावं. सावळ्या आणि काळ्या लोकांत मेलॅनोमा हा रंगपेशींचा कर्करोग होतो तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली, जिथे ऊन पोचत नाही, आणि त्याला सनस्क्रीन हा उपाय नाही. तळपायावर वाढणारा काळा डाग किंवा नखात रुंदावत जाणारी काळी रेघ दिसली तर क्रीम लावत बसू नये, दाखवावं. दुसरी शंका व्हिटॅमिन डीची. तुमचे हात आणि पाय चार तास उन्हात असतात. चेहऱ्याला सनस्क्रीन लावल्याने डी कमी पडेल अशी काळजी तुम्ही करू नका. संशय असेल तर रक्त तपासून गोळी घेता येते.

सनस्क्रीन म्हणजे गोरं व्हायची धडपड, असा टोमणा कोणी मारलाच तर त्यात दोष तुमचा नाही. वर्षानुवर्षं एकाच जाहिरातीत उजळपणा आणि उन्हापासून बचाव एकत्र विकल्याने लोकांच्या डोक्यात घोळ झालाय. सनस्क्रीनने तुमचा मूळ रंग बदलणार नाही, आणि बदलावाही कशाला? वांग फिके होऊन चेहरा तुमच्या स्वतःच्या सावळ्या रंगाचा एकसारखा दिसणं, एवढंच त्याचं काम.

आता ते मेडिकलवालं क्रीम. तुमच्या पत्रातली हीच ओळ वाचून मी सगळ्यात जास्त अस्वस्थ झाले. झटपट उजळणं आणि बंद करताच पुन्हा येणं, हे वर्णन बहुतेक वेळा स्टेरॉइड मिसळलेल्या क्रीमचं असतं. आपल्याकडे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं स्टेरॉइड अशी तीन औषधं एकत्र असलेल्या ट्यूबा सर्रास मिळतात. वांगावर ते औषध डॉक्टर देतातही, पण मोजके आठवडे आणि लक्ष ठेवून. महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते. उन्हात गेल्यावर किंवा नुसतं पाणी लावल्यावर आग होणं, गाल लाल राहणं, बारीक रक्तवाहिन्या दिसणं, अचानक मुरुमं येणं, गालांवर लव वाढणं, यातलं काही झालं असेल तर त्या क्रीमनेच ते केलंय असं समजा. 2018 मध्ये सरकारने अशी स्टेरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी काउंटरवर काय चालतं हे तुम्हाला मी सांगायला नको. ते पुन्हा आणू नका. सध्या चालू असेल तर मात्र मनाने एकदम तोडू नका, कारण अचानक बंद केल्यावर चेहरा जास्त भडकतो. डॉक्टरांना दाखवून कमी करत आणा. धाकटा अजून अंगावर पीत असेल किंवा तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर तेही सांगा. गोळ्यांनी वांग टिकून राहू शकतात, आणि मग सनस्क्रीनवर कितीही खर्च केला तरी फळ निम्मंच मिळतं.

फरक दिसायला किती दिवस? वांग जुने असले की महिने लागतात, त्यामुळे रोज आरशात बघून काही कळणार नाही. महिन्यातून एकदा, सकाळी, त्याच खिडकीशी, मोबाइलचा ब्यूटी फिल्टर बंद करून फोटो काढा. पहिल्या महिन्यात वांग पसरायचे थांबले तरी सनस्क्रीन काम करतंय असं समजा, फिके होणं त्यानंतरचं. तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर नुसत्या सनस्क्रीनने भागणार नाही, औषध लागेल. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, तुम्हाला विक्रोळीहून सोयीचा पडेल. जाताना आजवर चेहऱ्याला लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या असल्या तरी, एका पिशवीत घालून न्या. "पांढरी होती, निळं झाकण होतं" एवढ्यावरून आम्हा डॉक्टरांना आत काय होतं ते कळत नाही.